प्रबंध बांधून तयार, पण शोधनिबंध क्लोन जर्नलमधला निघाला. आता काय करावं?

बालाघाटची_लेक
नमस्कार मंडळी. बराच काळ नुसती वाचक होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. विषय लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी अंबाजोगाईची. समाजशास्त्रात पीएच.डी. करतेय, विषय ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळागळती. नोंदणी फेब्रुवारी २०२० ची. एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते, त्यामुळे काम रखडत रखडत झालं, पण झालं. सबमिशनपूर्व सादरीकरण व्यवस्थित पार पडलं, समितीने दोन-चार दुरुस्त्या सांगितल्या, त्याही केल्या. प्रबंधाच्या प्रती बांधून घेतल्या आणि फाईल पीएच.डी. विभागात दिली.

फाईल त्रुटी लावून परत आली. शेरा असा: 'जोडलेला शोधनिबंध मूळ नियतकालिकात प्रकाशित झाल्याचे दिसत नाही. खुलासा करावा.'

हा शोधनिबंध २०२३ च्या जानेवारीत एका महाविद्यालयातल्या एकदिवसीय राष्ट्रीय परिषदेत वाचला होता. नोंदणी शुल्क १८०० रुपये, त्यातच जेवण, प्रमाणपत्र आणि 'यूजीसी केअर लिस्टेड जर्नलच्या विशेषांकात प्रकाशन'. पत्रकावर तसंच छापलं होतं. अंक हातात आला, त्यावर आयएसएसएन आहे, तो केअर यादीत त्या वेळी होता, हे मी स्वतः तपासलं होतं. मग मूळ नियतकालिकात नाही म्हणजे काय? गाईड सर म्हणतात, 'पत्र देऊन टाका, होईल.' पत्रात लिहू काय?

नवा_नियम
ताई, तुम्ही उगीच घाबरताय. यूजीसीने नोव्हेंबर २०२२ मध्ये नवी नियमावली काढली. त्यात प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापण्याची अटच काढून टाकली आहे. विद्यापीठाला नियम दाखवा आणि फाईल जमा करून घ्या म्हणा. आणि केअर यादीही यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. जी यादीच उरली नाही, तिच्यावरून त्रुटी कसली?

कक्षाधिकारी_निवृत्त
वरचं वाचून लोक खरंच विभागात भांडायला जातात, म्हणून लिहितो. मी एका विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात बरीच वर्षं फाईली पाहिल्या आहेत.

२०२२ च्या नियमावलीत अट नाही, हे खरं. पण त्याच नियमावलीत असंही लिहिलं आहे की ११ जुलै २००९ पासून ती नियमावली लागू होईपर्यंत ज्यांची नोंदणी झाली, त्यांना २००९ किंवा २०१६ ची नियमावली, जी असेल ती, लागू राहील. बाईंची नोंदणी फेब्रुवारी २०२० ची. म्हणजे त्यांना २०१६ ची. तिच्यात स्पष्ट आहे: रेफरीड जर्नलमध्ये किमान एक शोधनिबंध, परिषदांत दोन सादरीकरणं, आणि त्याचा पुरावा म्हणून प्रमाणपत्रं किंवा रिप्रिंट. शिवाय २०२२ नंतर नोंदणी झालेल्यांनाही विद्यापीठ स्वतःच्या अध्यादेशात अट ठेवू शकतं. 'यूजीसीने काढली' एवढ्यावर जाऊ नका, स्वतःच्या नोंदणीपत्राची तारीख आणि त्या तारखेचा विद्यापीठाचा अध्यादेश काढा.

बाई, सादरीकरणाची दोन प्रमाणपत्रं वेगवेगळ्या परिषदांची आहेत ना? ती लागली असतील तर त्रुटी फक्त निबंधापुरती आहे. प्रबंधाला कोणी हात लावलेला नाही.

बालाघाटची_लेक
हो सर, दोन्ही आहेत. एक याच परिषदेचं, दुसरं परभणीच्या एका चर्चासत्राचं. त्यांवर काही शेरा नाही.

रसायन_नांदेड
हे सगळं टाळायचं तर सरळ स्कोपसमध्ये छापा. माझे चार पेपर स्कोपसमध्ये आहेत, एकाही फाईलला प्रश्न आला नाही. सोशल सायन्सवाले परिषदेच्या विशेषांकात का जातात हेच कळत नाही. आमच्याकडे रिव्ह्यूअरने दोनदा रिव्हिजन करून घेतली, आठ महिने लागले, पण पक्कं काम झालं.

सोयगावचा_बंड्या
रसायनवाले साहेब, मराठीत, ग्रामीण समाजशास्त्रात, ऊसतोडीवर लिहिलेला निबंध घेणारी स्कोपसमधली किती जर्नलं तुम्हाला माहीत आहेत? नावं टाका, इथले बरेच जण तुमच्या पाया पडतील.

बाकी त्या एकदिवसीय परिषदांबद्दल न बोललेलंच बरं. सकाळी उद्घाटन दीड तास, सत्कार एक तास, जेवण, मग दुपारी तीन सत्रं एकाच वेळी, वाचायला प्रत्येकी पाच मिनिटं. महाविद्यालयाला नॅकच्या फाईलसाठी परिषद हवी, विद्यार्थ्याला निबंध हवा, छापणाऱ्याला दोनशे जणांचे पैसे हवे. सगळे खूष. रडतंय कोण? तर शेवटी फाईल घेऊन खिडकीवर उभा राहणारा.

मांजराकाठ
मी लातूरकडे ग्रंथपाल आहे, गेली काही वर्षं विद्यार्थी हेच कागद घेऊन माझ्याकडे येतात. ताई, 'आयएसएसएन यादीत होता' हे तुम्ही तपासलंत ते चांगलंच केलंत, पण क्लोन जर्नलचा आयएसएसएन नेहमीच बरोबर असतो. तो चोरलेलाच असतो ना. एखाद्या जुन्या संस्थेचं त्रैमासिक, नव्वद वर्षांची परंपरा, फक्त छापील, संकेतस्थळ नाही किंवा असून नसल्यासारखं. अशा नियतकालिकाचं नाव, आयएसएसएन, कधीकधी संपादकांची नावंही उचलून कोणीतरी त्याच नावाचं संकेतस्थळ काढतो आणि पैसे घेऊन निबंध 'छापतो'. मूळ संस्थेला पत्ताही नसतो. केअर यादीत नाव असायचं ते मूळ नियतकालिकाचं. केअरच्या संकेतस्थळावर अशा क्लोन झालेल्या जर्नल्सची माहिती वेगळी दिलेली असायची, पण परिषदेच्या पत्रकावर भरवसा ठेवणारा तिथपर्यंत जात नाही.

तुमच्या अंकावरच्या या गोष्टी जरा पाहून सांगा. अंकावर खंड आणि अंक क्रमांक काय लिहिलाय? तुमचा निबंध कोणत्या पानांवर आहे? आजूबाजूचे निबंध कोणत्या विषयांचे? आणि portal.issn.org वर तो आयएसएसएन टाकल्यावर माध्यम छापील दाखवतंय की ऑनलाइन?

बालाघाटची_लेक
अंक समोर घेऊनच बसलेय.

खंड ९७, अंक ३, आणि खाली पुन्हा 'क्रमांक ११'. पानं २१४ ते २१८. माझ्या आधीचा निबंध जीएसटीवर आहे आणि नंतरचा कुठल्याशा संयुगाच्या संश्लेषणावर, इंग्रजीत. नियतकालिकाच्या नावावरून ते भारतविद्येचं वाटतं. पोर्टलवर माध्यम छापील असं येतंय. पण मला पीडीएफची लिंक आली होती आणि ती अजून चालते.

निबंधाच्या पहिल्या पानावर एक डीओआयसुद्धा आहे. तो doi.org वर टाकला तर 'DOI Not Found' असं आलं.

आता लिहितानाच पोटात गोळा येतोय.

मांजराकाठ
पाणी प्या आधी.

एकेक घ्या. भारतविद्येच्या नियतकालिकात रसायनाचा निबंध, यावर मी एरवी वीस मिनिटं बोललो असतो, पण तेवढ्याने विद्यापीठ मानेलच असं नाही. 'विशेषांक आहे, सर्व विषयांचा आहे' असं उत्तर मिळतं. खंड-अंकावर मात्र तसं उत्तर देता येत नाही. त्रैमासिकाचे वर्षाला चार अंक. खंड ९७ मध्ये अंक ३ आणि क्रमांक ११ एकाच वेळी कसा? मूळ नियतकालिक क्रमांक वापरतच नसेल, तर हा आकडा क्लोनवाल्याने स्वतःची मोजणी ठेवायला घातला. एकाच अंकाच्या नावाखाली तो डझनभर 'विशेषांक' काढतो आणि प्रत्येक महाविद्यालयाला एकेक क्रमांक देतो.

डीओआय खोटा असणं हा पक्का पुरावा. नुकताच नोंदवलेला डीओआय काही दिवस न उघडणं समजू शकतो, २०२३ चा आजही उघडत नसेल तर तो नोंदवलेलाच नाही. पण उलटं खरं नाही हे लक्षात ठेवा: डीओआय उघडला म्हणून जर्नल चांगलं ठरत नाही. पैसे भरून डीओआय घेणारी भिकार जर्नलं ढिगाने आहेत.

शेवटचा आणि निर्णायक पुरावा म्हणजे मूळ संस्थेचं उत्तर. मोठ्या जुन्या ग्रंथालयात किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्या नियतकालिकाचा कोणताही खरा छापील अंक काढा. मुखपृष्ठाच्या आत पत्ता आणि फोन असतो. क्लोनच्या संकेतस्थळावरचा ईमेल वापरू नका, तो चोरालाच जाईल. खऱ्या पत्त्यावर साधं पत्र: अमुक खंड, अमुक अंक, पानं २१४ ते २१८, या शीर्षकाचा निबंध आपल्याकडे प्रकाशित झाला आहे का? सोबत पहिल्या पानाची झेरॉक्स. रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा.

गाईड_सेलूकर
मी स्वतः मार्गदर्शक आहे, म्हणून थोडी दुसरी बाजू. विद्यार्थी परिषदेला जातो तेव्हा आम्ही नाही म्हणू शकत नाही, कारण दोन सादरीकरणांची अट आहे. २०१७-१८ मध्ये तर यूजीसीच्या स्वतःच्या यादीत हजारो अशी जर्नलं होती. २ मे २०१८ ला एका झटक्यात ४३०५ जर्नलं काढली. त्याआधीच्या महिन्यात छापलेल्या विद्यार्थ्याचा दोष काय होता? सगळं खापर गाईड आणि विद्यार्थ्यावर फोडू नका.

आणि मूळ संस्थेला पत्र पाठवायचा सल्ला मला धोक्याचा वाटतो. संस्थेने 'आमचा नाही' असं लेखी दिलं की स्वतःच्या हाताने फासाची दोरी दिल्यासारखं होईल. आत्ता शंका आहे, मग पुरावा होईल.

कक्षाधिकारी_निवृत्त
सेलूकर सर, तुमची यादीबद्दलची तक्रार रास्त आहे. पत्राबद्दल मात्र अजिबात पटलं नाही. विभाग स्वतः ते पत्र पाठवू शकतो आणि बऱ्याचदा पाठवतो. ते उत्तर विभागाकडे थेट आलं आणि विद्यार्थ्याने आधीच 'निबंध अस्सल आहे' असा खुलासा सही करून दिलेला असेल, तर प्रश्न निबंधाचा राहत नाही, विद्यार्थ्याच्या खोट्या निवेदनाचा होतो. मी अशी फाईल पाहिली आहे. ती पुढे वर्षभर हलली नाही.

बाई, खुलासा लिहाल तर तीन-चार ओळींचा लिहा. परिषद कोणती, शुल्क कोणाला भरलं, पत्रकात काय म्हटलं होतं, आणि नियतकालिक क्लोन असल्याचं त्रुटीनंतर तुमच्या लक्षात आलं. 'हा निबंध मी अटीच्या पूर्ततेसाठी मागे घेत आहे, नवा निबंध सादर करण्यास मुदत मिळावी.' पत्रक, पावती, प्रमाणपत्र जोडा. रडगाणं नको, कोणावर आरोप नको. गाईडच्या शिफारशीने, संशोधन केंद्रामार्फत, आवक क्रमांक घेऊन.

नवा_नियम
चला, नोंदणी-तारखेचं मान्य. पण मुदत कुठे आहे? फेब्रुवारी २०२० ते फेब्रुवारी २०२६, सहा वर्षं संपली की नोंदणी रद्द. मग नवा निबंध छापून आणेपर्यंत सगळंच संपेल.

कक्षाधिकारी_निवृत्त
इथे तुम्ही पुन्हा निम्मे बरोबर. कमाल मुदत सहा वर्षं, पण त्याच २०१६ च्या नियमात महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या उमेदवारांना दोन वर्षांची सवलत देता येते. ती आपोआप मिळत नाही. मुदत संपायच्या आधी अर्ज करावा लागतो, गाईडची शिफारस लागते आणि शुल्क चालू ठेवावं लागतं. बाई, हा अर्ज आजच लिहा, निबंधाची वाट न पाहता.

बालाघाटची_लेक
दोन वर्षांचं मला खरंच माहीत नव्हतं. आज रात्रीच लिहिते.

आणखी एक विचारते. परिषद घेणाऱ्या महाविद्यालयातल्या एकांनी मला एक नंबर दिला. तो माणूस म्हणाला, 'मॅडम, टेन्शन घेऊ नका, २०२४ च्या एका केअर जर्नलच्या जुन्या अंकात तुमचा पेपर बसवून देतो, साडेचार हजार, आठ दिवसांत लिंक.' जर्नल म्हणे एकदम अस्सल आहे. हे कितपत खरं?

मांजराकाठ
नाही. नाही. नाही.

जुन्या अंकात बसवणं म्हणजे तारीख मागे टाकणं. आज ते कसं कळतं ते दाखवतो. तो जी पीडीएफ पाठवेल ती अॅडोबी रीडरमध्ये उघडा आणि Ctrl+D दाबा. फाईल कधी तयार झाली, कधी बदलली, ते दिसतं. अंक मार्च २०२४ चा आणि फाईल गेल्या मंगळवारी रात्री साडेअकराला तयार झालेली. ही तारीख बदलता येते, पण साडेचार हजारांत ते कष्ट कोणी घेत नाही. शिवाय त्या अंकाच्या अनुक्रमणिकेची जुनी प्रत कोणाकडे तरी असतेच, तिच्यात तुमचं नाव नसेल. क्लोनमध्ये अडकलात तेव्हा तुम्ही फसवल्या गेलात. मागच्या तारखेचा निबंध दिलात तर फसवणाऱ्या तुम्ही.

तो नंबर ब्लॉक करा.

सोयगावचा_बंड्या
तोच माणूस असेल तर मलाही व्हॉट्सॅप आला होता. डीपीवर विवेकानंद.

रसायन_नांदेड
मी वर जरा ताठ बोललो, ते जाऊ द्या. पण एक प्रामाणिक प्रश्न. निबंध क्लोनमध्ये छापला म्हणजे तो खरं तर कुठेच छापला नाही. मग तोच निबंध चांगल्या जर्नलला पाठवायला काय हरकत आहे? नवा कशाला लिहायचा?

मांजराकाठ
माझ्या मते यावर एकच उत्तर नाही. तो मजकूर जगासमोर आहे, ताईंच्या नावाने आहे, शोधल्यावर सापडतो. काही संपादक म्हणतात, पूर्वी प्रकाशित, घेणार नाही. काही संपादक, पाठवताना सगळी हकीकत मोकळेपणाने कळवली तर विचार करतात, कारण क्लोनला ना समीक्षण होतं ना कायदेशीर अस्तित्व. न सांगता पाठवणं मात्र सपशेल चूक. तपासणीत जुळणी सापडली की दुसऱ्या ठिकाणचाही निबंध जातो आणि नाव खराब होतं.

क्लोनवाल्याला 'निबंध काढून टाका' असा ईमेल करा, प्रत ठेवा. बहुतेक उत्तर येणार नाही. आलंच तर 'विथड्रॉवल फी' मागतील. ती भरू नका, भरल्यावरही निबंध तिथेच राहिलेला मी पाहिला आहे.

आणि इथेच दुसरा खड्डा आहे, त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. ताई, प्रबंधाची साहित्यचौर्य तपासणी झाली होती का? किती टक्के आलं?

बालाघाटची_लेक
झाली. नऊ टक्के. त्यात चार टक्के माझ्याच या निबंधाशी जुळत होते. गाईड सरांनी दाखला दिला की तो निबंध विद्यार्थिनीचा स्वतःचाच आहे, प्रबंधात तसा उल्लेख आहे.

मांजराकाठ
मग नीट ऐका. घाबरून प्रबंधातून त्या निबंधाचा उल्लेख काढून टाकू नका. पुष्कळ जण तसंच करतात. उल्लेख काढला की पान २१४ ते २१८ इंटरनेटवर तसंच राहतं, सॉफ्टवेअर ते पकडतं आणि आता प्रबंधात त्याचं कारण कुठेच लिहिलेलं नसतं. सॉफ्टवेअरला तुम्ही कोण हे कळत नाही, त्याला फक्त शब्द जुळलेले दिसतात. तुम्ही नऊवर आहात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत गेलं तर प्रबंध सुधारून आणायला सांगतात, सहा महिन्यांच्या आत. नव्या निबंधाने जुळणी आणखी वाढेल, हेही हिशेबात धरा.

म्हणून उल्लेख ठेवा, पण खरा ठेवा: अमुक परिषदेत वाचलेला निबंध, नंतर क्लोन संकेतस्थळावर प्रसिद्ध झाल्याचे आढळले, अटीच्या पूर्ततेसाठी धरलेला नाही. एका ओळीची टीप पुरते.

गाईड_सेलूकर
हे मात्र माझ्याही ध्यानात नव्हतं. माझ्या एका विद्यार्थ्याने उल्लेख काढलाच होता, आता त्याला फोन करतो.

नवा निबंध करायचा तर प्रबंधातल्या कोणत्या प्रकरणावर? पूर्वीचा निबंध कशावर होता, बाई?

बालाघाटची_लेक
पूर्वीचा स्थलांतराची कारणं आणि शाळागळती असा सर्वसाधारण होता. पाच पानांत काय मावणार. प्रबंधातलं चौथं प्रकरण मात्र माझं स्वतःचं काम आहे. केज आणि धारूर तालुक्यांतल्या शाळांची हजेरीपत्रकं दिवाळीनंतर महिन्यागणिक मोजली. कोयता घेऊन टोळी निघते, त्या आठवड्यात हजेरी कशी कोसळते आणि मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परतल्यावर किती मुलं परत वर्गात येतात, ते. मुलींची परत येण्याची संख्या कमी, सातवी-आठवीला सगळ्यात कमी.

मांजराकाठ
ताई, हे तुम्ही पाच पानांच्या विशेषांकात घातलं नाहीत, हे तुमचं नशीब. यावरच नवा निबंध लिहा. मजकूर नव्याने, तक्ते नव्याने.

पाठवायचं कुठे? केअर यादी बंद झाल्यावर यूजीसीने नुसते निकष सुचवले आणि जर्नल निवडण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली. म्हणून आपल्या विद्यापीठात आज नेमकं काय चालतं, ते आधी लेखी विचारा. तीन नावं काढा, गाईडच्या सहीने विभागाला पत्र द्या: यांपैकी कशातला निबंध ग्राह्य धरला जाईल? उत्तर आल्यावरच पाठवा. तोंडी 'चालतंय की' यावर निबंध पाठवू नका. खिडकीवरचा माणूस बदलला की 'चालतंय' पण बदलतं.

नावं निवडताना जर्नलचे गेल्या दोन वर्षांचे अंक ग्रंथालयात हातात घेऊन बघा. तुमच्या विषयाचे निबंध आहेत का, एका अंकात किती आहेत, कोणी लिहिलेत. अंकात बारा-पंधरा निबंध असतील तर ठीक. शंभर असतील तर तो अंक नव्हे, यात्रा आहे.

तुळजापूर_२०१४
माझा अनुभव सांगतो. मी २०१४ ला प्रबंध दिला तेव्हा स्वीकृतीपत्रावरच काम झालं. छापून आला नंतर वर्षाने. तुम्हीही स्वीकृतीपत्र लावा, कशाला थांबता.

कक्षाधिकारी_निवृत्त
तुमचं २००९ च्या नियमावलीखाली झालं. तिच्यात स्वीकृतीपत्र किंवा रिप्रिंट असं होतं. २०१६ मध्ये रिप्रिंट राहिलं. काही विद्यापीठं डीओआय पडलेला ऑनलाइन-फर्स्ट निबंध धरतात, काही छापील अंकच मागतात. वरच्या पत्रात हाही प्रश्न घाला.

बालाघाटची_लेक
मंडळी, काय काय झालं ते कळवते.

मूळ संस्थेचं उत्तर आलं. दोन ओळींचं, लेटरहेडवर, सचिवांच्या सहीचं: आम्ही असा कोणताही विशेषांक काढलेला नाही, खंड ९७ अंक ३ मध्ये १४८ पानेच आहेत. म्हणजे माझं पान २१४ अस्तित्वातच नाही. खाली त्यांनी हाताने लिहिलं होतं की अशी चौकशी करणारी या महिन्यातली तुम्ही पहिली नाही.

खुलासा दिला, आवक क्रमांक घेतला. मुदतवाढीचा अर्जही दिला. गाईड सर सुरुवातीला नाराज होते, पण सेलूकर सरांची पोस्ट वाचून दाखवली तेव्हा सही केली. तीन जर्नलांची नावं विभागाला दिली होती, त्यांपैकी दोन ग्राह्य असल्याचं लेखी आलं, छापील अंक लागेल असं म्हणाले. त्यांतल्या एका मराठी त्रैमासिकाला नवा निबंध पाठवला. समीक्षकाचा पहिला शेरा आला आहे: 'परत आलेल्या मुलांची टक्केवारी कोणत्या पटावर काढली, सुरुवातीच्या की जानेवारीच्या?' प्रश्न इतका बरोबर आहे की प्रबंधातला तक्ताही दुरुस्त करावा लागणार आहे. म्हणजे बांधलेल्या प्रती वाया.

सोयगावचा_बंड्या
बाइंडिंगवाल्याचं भलं झालं.

रसायन_नांदेड
सुरुवातीच्या पटावर काढा आणि जानेवारीचा वेगळा स्तंभ द्या. दोन्ही दाखवलं की समीक्षक गप्प बसतो.

मांजराकाठ
बसत नाही, पण दोन्ही द्या.

धारूरचा_वाटसरू
धागा वाचून अंक काढून बघितला. ताई, मीही त्याच परिषदेत होतो, माझा निबंध त्याच अंकात आहे, पान ३०२. माझी फाईल गेल्या वर्षी कोणतीही त्रुटी न लागता गेली, मौखिकी झाली, पदवी जाहीर झाली. आता सीएचबीच्या मुलाखतीला तीच प्रमाणपत्रं घेऊन जायची आहेत. मी हे कोणाला कळवायचं की गप्प बसायचं?

गाईड_सेलूकर
गप्प बसा. पदवी प्रबंधावर मिळते, निबंधावर नाही. परीक्षकांनी प्रबंध वाचून दिली आहे.

कक्षाधिकारी_निवृत्त
पदवी प्रबंधावर मिळते, पण दाखल करून घेण्याची अट निबंधाची होती. जाहीर झालेली पदवी या कारणावरून काढल्याचं माझ्या पाहण्यात नाही. तरी मुलाखतीत तो निबंध प्रकाशन म्हणून गुणांसाठी दाखवू नका. यूजीसीने जून २०१९ मध्येच सांगितलं आहे की असल्या जर्नलमधल्या निबंधाचं निवड-बढतीत श्रेय धरू नये. त्या रकान्यात दुसरं काही असेल तर तेच लिहा.

धारूरचा_वाटसरू
दुसरं काहीच नाही, सर. तोच एक आहे.